पेन्सिल कोणाच्या हातात?

गुरुजींनी किंवा बाईंनी “गट करा” असं म्हटलं की मोठ्या वर्गात काय होतं, हे सगळ्यांनीच पाहिलेलं आहे. पाचएक मिनिटं बाकं ओढण्याचा आवाज होतो आणि मग आठ-आठ मुलांची कोंडाळी दिसू लागतात. प्रत्येक कोंडाळ्यात एक मुलगा बाकावर गुडघे टेकून कागदावर वाकलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंचे दोघं त्याला सल्ले देतात, एक मुलगी स्केचपेनची टोपणं सांभाळते आणि मागच्या दोघांचं भलतंच काही चाललेलं असतं. शेवटी वाचून दाखवायला उभा राहतो तो वाकलेलाच मुलगा. टाचणवहीत “गटकार्य घेतले” अशी नोंद होते. खरं तर त्या तासाला वर्गातल्या सात-आठ मुलांनी काम केलेलं असतं आणि बाकीच्यांनी ते पाहिलेलं असतं.

यावर शिक्षकांचा नेहमीचा उपाय म्हणजे त्या पुढे पुढे करणाऱ्या मुलाला दटावणं. “तू जरा गप्प बस, बाकीच्यांना बोलू दे.” मुलगा गप्प बसतो आणि त्याच्याबरोबर अख्खा गटही गप्प बसतो. दोन मिनिटांनी कुणीतरी स्वतः होऊन पेन्सिल परत त्याच्या हातात देतं. ही पेन्सिल त्याने हिसकावलेली नसते, ती त्याला दिलेली असते. इथेच प्रश्नाचं मूळ आहे.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ कोहेन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी शाळेतल्या गटकार्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ‘डिझायनिंग ग्रुपवर्क’ हे त्यांचं पुस्तक 1986 साली निघालं आणि पुढे रेचल लोटान यांच्यासोबत त्याची सुधारित आवृत्तीही आली. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की वर्गातल्या मुलांच्या डोक्यात एक न लिहिलेली यादी तयार असते. कोण हुशार, कोण ढ, कोणाचं वाचन चांगलं, कोण कुठल्या वस्तीतून येतो, हे सगळं त्या यादीत असतं आणि मुलं ती एकमेकांना न विचारता मान्य करतात. यादीत वर असलेल्याचं म्हणणं ऐकलं जातं आणि खालच्याचं कानावरून जातं, मग काम चित्र काढण्याचं का असेना. ज्याचं गणित चांगलं त्याचंच चित्रही चांगलं असणार, असं धरून चाललं जातं. जो जास्त बोलतो तो जास्त शिकतो आणि पुढच्या खेपेला आणखी बोलतो. म्हणजे गटकार्य नीट आखलं नाही, तर ते ही यादी आणखी पक्की करतं.

आता एक वर्ग डोळ्यांसमोर धरू. तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा, सातवी, पट 60. शिक्षण हक्क कायद्याने 2009 साली सहावी ते आठवीसाठी दर 35 मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण घालून दिलं, पण गावातल्या चालत्या शाळेत साठ मुलांचा वर्ग काही दुर्मीळ नाही. मुली 28, मुलगे 32. दोन-दोन मुलांची जड बाकं एकामागे एक लावलेली, तास पस्तीस मिनिटांचा आणि भिंतीपलीकडे आठवीचा वर्ग.

पहिला निर्णय गटाच्या आकाराचा. आठ मुलांच्या गटात बोलणाऱ्यांच्या अठ्ठावीस जोड्या होऊ शकतात, चार मुलांच्या गटात फक्त सहा. आठ जणांना एक कागद एकाच वेळी वाचताही येत नाही. जो उलट्या बाजूला बसला तो बाहेरच राहिला, त्यात त्याचा स्वभाव कुठे आला? म्हणून गट चारांचा. साठ मुलांचे पंधरा गट झाले की शिक्षकांच्या पोटात गोळा येतो, कारण आठ गटांवर लक्ष ठेवता ठेवता पुरेवाट होते, तिथे पंधरा कसे सांभाळायचे? त्याचं उत्तर पुढे येईल. बाकं ओढायचीही गरज नाही. एक सोडून एक रांगेतल्या दोघांनी बाकावर उलटं बसून मागे तोंड केलं की चौघं समोरासमोर येतात. हे वळणं दोन-तीनदा घड्याळ लावून करून घेतलं तर अर्ध्या मिनिटात होतं. दोन मुलं गैरहजर असतील तर तेरा गट चारांचे आणि दोन तिघांचे करावेत. पाचवा माणूस हळूच पाहुणा होऊन बसतो, म्हणून पाचांपेक्षा तिघं बरे असं माझं मत आहे.

चौघं कोणते, हा दुसरा निर्णय, आणि तो जास्त नाजूक आहे. मुलांवर सोडलं तर मित्र मित्राकडे जातो. मित्र म्हणजे बहुतेकदा एकाच आळीचा, एकाच ट्यूशनचा आणि कित्येकदा एकाच जातीचा. शेवटी कुणालाच नको असलेली तीन-चार मुलं भिंतीशी उभी राहतात आणि ती दर वेळी तीच असतात. दुसरी पद्धत गुणपत्रिकेवरून गट पाडण्याची, म्हणजे प्रत्येक गटात एक पहिल्या नंबरातला, दोन मधले आणि एक ‘मागे पडलेला’. कागदावर हे न्याय्य दिसतं. पण मुलांना आपण कुठल्या रकान्यातून आलो ते पहिल्या मिनिटात कळतं. वरचा मुलगा शिक्षक होतो, खालचा विद्यार्थी होतो आणि मधले दोघं प्रेक्षक होतात. गटात कोण कोणाला समजावून सांगतं याचा अभ्यास करणाऱ्या नोरीन वेब यांनाही अशा गटांतली मधली मुलं बाजूला पडताना दिसली होती.

उरते ती चिठ्ठी, आणि तीही सगळ्यांसमोर काढलेली. आपल्या वर्गासाठी दोन डबे घ्यायचे, एक मुलींचा आणि एक मुलग्यांचा. चिठ्ठीवर गटाचा क्रमांक, आणि चिठ्ठी लाल, निळी, हिरवी किंवा पिवळी. चौदा गटांत दोन मुली आणि दोन मुलगे येतात, उरलेले चार मुलगे पंधराव्या गटात. दोन डबे यासाठी की तीन मुलग्यांत एकटी मुलगी आली तर “तुझं अक्षर चांगलं आहे” असं म्हणून वही तिच्यापुढे सरकवली जाते आणि ती तासभर इतरांचं ऐकून लिहीत बसते. चिठ्ठीचा मोठा फायदा असा की आपण या गटात का आलो, याचं कारण कुणाच्या हुशारीत शोधता येत नाही. दोन मुलांचं हाडवैर असेल तर शिक्षकांनी नंतर गुपचूप अदलाबदल करावी, पण असे अपवाद वाढले तर डब्यावरचा विश्वास उडतो. एकदा पडलेले गट साधारण महिनाभर ठेवावेत.

रंग कशासाठी, तर भूमिकांसाठी. बहुतेक शाळांत भूमिका म्हणजे गटप्रमुख. प्रमुख नेमला की गटावर सत्ता कुणाची ते शिक्षकांनीच जाहीर करून टाकलं. त्याऐवजी चार कामं अशी हवीत की त्यातलं एकही काम उत्तर ठरवण्याचं नाही आणि एकाही कामावाचून पुढे जाता येत नाही. सूत्रधार प्रत्येकाला बोलायची पाळी मिळते की नाही ते पाहतो. लेखनिक फक्त दुसऱ्यांनी सांगितलेलं लिहितो आणि लिहिलेलं परत वाचून दाखवतो. शंकेखोराने निदान दोनदा “हे कशावरून?” असं विचारायचंच. साहित्यप्रमुख सामान आणतो आणि गटाबाहेरची माहिती मिळवून येतो. भिंतीवर एक तक्ता लावायचा: आज लाल सूत्रधार, निळा लेखनिक, हिरवा शंकेखोर, पिवळा साहित्यप्रमुख. पुढच्या खेपेला सगळे एक घर पुढे सरकतात. आठवड्याला एक गटकार्य धरलं तर महिन्याभरात प्रत्येक मूल चारही कामं करून मोकळं होतं आणि मगच डबे पुन्हा हलवायचे.

माझ्या यादीत निवेदक नाही, आणि तो मुद्दाम नाही. निवेदक आधी ठरला की बाकीचे तिघं निवांत होतात. काम संपल्यावर शिक्षकांनी डब्यातून रंग काढावा. हिरवा निघाला तर पंधराही गटांतल्या हिरव्या मुलांनी उत्तराला तयार राहायचं आणि शिक्षक त्यांतल्या तिघा-चौघांना विचारणार. अमेरिकेत स्पेन्सर केगन यांनी लोकप्रिय केलेली क्रमांकांची पद्धत याच धाटणीची आहे. मात्र रंग जाहीर केल्यावर लगेच उभं करू नये, एक मिनिट द्यावं. त्या मिनिटात गट त्या मुलाला तयार करतो, आणि तासातलं सगळ्यात खरं शिकणं कधी कधी तेवढ्यातच होतं. विचारताना “उत्तर किती?” असं विचारलं तर तो पोपटासारखं सांगेल. “इथे गुणाकार का केला?” असं विचारावं.

भूमिका नुसत्या वाटून चालत नाहीत. बारा वर्षांच्या मुलाला ‘सूत्रधार’ म्हटलं की तो हुकूम सोडू लागतो किंवा नुसताच बसून राहतो, कारण या कामाची भाषा त्याला येत नसते. म्हणून प्रत्येक रंगाच्या पुठ्ठ्यावर दोन-तीन वाक्यं लिहून द्यावीत. सूत्रधाराच्या पुठ्ठ्यावर “तुला काय वाटतं?”, “थांब, ती अजून बोलली नाही”, “सगळ्यांना पटलं का?” शंकेखोराच्या पुठ्ठ्यावर “हा आकडा कुठून आला?”, “दुसऱ्या रीतीने करून पाहू या का?” पहिल्या आठवड्यात मुलं ही वाक्यं हसत हसत, नाटकातल्यासारखी म्हणतात. म्हणू द्यावीत, तिसऱ्या खेपेपर्यंत ती अंगवळणी पडतात.

त्याआधी एक खेळ घेतला तर फार उपयोग होतो. पुठ्ठ्याची चार गोल वर्तुळं कापायची, प्रत्येकाचे वेगवेगळ्या पद्धतीने तुकडे करायचे आणि ते मिसळून चौघांत वाटायचे. प्रत्येकासमोर एक पूर्ण वर्तुळ तयार झालं की गट जिंकला. नियम असे की बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, दुसऱ्याचा तुकडा उचलायचा नाही. आपला तुकडा दुसऱ्याला द्यायचा, एवढंच करता येतं. तुकडे असे कापलेले असतात की एखादं वर्तुळ चुकीच्या तुकड्यांनीही पुरं होतं. चटपटीत मुलगा आपलं वर्तुळ आधी पुरं करतो आणि हाताची घडी घालून बसतो. गट अडतो, कारण दुसऱ्याला हवा असलेला तुकडा त्याच्याच वर्तुळात अडकलेला असतो. ते मोडून दिल्याशिवाय गट सुटत नाही, हे त्याचं त्यालाच कळावं लागतं. कोहेन यांच्या पुस्तकात हा खेळ आहे आणि जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांत तो फुकट तयार होतो.

इतकं करूनही काम चुकीचं निवडलं तर सगळं वाया जातं. ‘स्वाध्याय पान 42, प्रश्न 1 ते 5’ हे गटाचं काम नव्हे. ज्याला येतं तो एकटा लवकर करतो आणि बाकीचे उतरवून घेतात, त्यात गैर तरी काय? त्यासाठी दोघांची जोडी पुरे. चौघांना द्यायचं काम असं हवं की एकट्याकडे त्याची सगळी माहिती नसेल. आपल्या सातवीसाठी प्रश्न असा: शाळेच्या पत्र्याच्या छतावर एका दिवसात पडलेलं पाणी धरलं, तर अंगणातली 2000 लिटरची टाकी पुरेल का?

चार रंगांच्या चार चिठ्ठ्या. लाल चिठ्ठीत छताची लांबी, 20 मीटर. निळ्या चिठ्ठीत रुंदी, 6 मीटर. हिरवीत त्या दिवशीचा पाऊस 25 मिलिमीटर, आणि एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, ही ओळ. पिवळीत टाकीचं माप आणि वर्गाला हातपाय धुवायला व स्वच्छतागृहाला रोज लागणारं पाणी, मुलामागे 5 लिटर. नियम एकच: चिठ्ठी दाखवायची नाही, वाचून सांगायची. माहिती अशी वाटून देण्याची कल्पना एलियट अ‍ॅरन्सन यांच्या ‘जिगसॉ’ पद्धतीशी नातं सांगते. 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना प्रथमच एका वर्गात बसवलं तेव्हा वर्गातला ताण कमी करण्यासाठी त्यांनी ती वापरली. ज्याला वाचायला अडतं त्याची चिठ्ठी आदल्या दिवशी त्याच्याकडून वाचून घ्यावी. नाहीतर तो पहिल्याच ओळीत अडखळतो आणि शेजारचा चिठ्ठी ओढून घेतो.

बहुतेक गट पंधरा मिनिटांत पोचतात: छत 120 चौरस मीटर, पाणी 3000 लिटर, टाकी भरून 1000 लिटर वाहून जाणार. हुशार मुलगा कागद मिटून टाकतो. पण साहित्यप्रमुखाचं एक काम बाकी असतं. प्रत्येक गटाच्या पिवळ्या मुलाने व्हरांड्यात जाऊन दोन मिनिटं छत पाहून यायचं आणि लेखनिकाला त्याचं चित्र काढायला सांगायचं. त्यांतली एखादी मुलगी, एरवी तासाला तोंड न उघडणारी, परत येऊन म्हणते, “पन्हळ एकाच बाजूला आहे.” छताला उतार दोन आणि पन्हळ एका उताराला. म्हणजे टाकीत येणार निम्मंच, 1500 लिटर. टाकी पुरते, उलट 500 लिटरची जागा उरते. साठ मुलांना रोज 300 लिटर लागतात, म्हणजे हे पाणी पाच दिवस पुरेल. अख्ख्या गटाचं उत्तर त्या एका वाक्याने उलटलं.

शिक्षक तेव्हा जवळ असतील तर त्यांनी काय म्हणावं, हे फार महत्त्वाचं आहे. नुसतं “शाब्बास” कुणाच्या लक्षात राहत नाही आणि खालच्या नंबरच्या मुलाला मिळालेली शाब्बासकी म्हणजे दया, हे बाकीची मुलं बरोबर ओळखतात. म्हणावं असं: “हिने आकडेमोड करण्याआधी पाणी कुठून कुठे जातं ते पाहिलं. हे पाहिलं नसतं तर तुमचं उत्तर दुप्पट चुकलं असतं. पुढच्या भागातही तिला विचारून घ्या.” सगळ्यांसमोर, नेमकं, खरं आणि कामाशी जोडलेलं. कोहेन यांच्या मते डोक्यातल्या त्या यादीला धक्का द्यायचा हा सगळ्यात परिणामकारक मार्ग आहे. पण असं बोलायला आधी ते दिसावं लागतं, आणि ते दिसण्यासाठी शिक्षकांचे हात मोकळे असावे लागतात.

पंधरा गट सांभाळण्याचं उत्तर इथे आहे. शिक्षकांना फक्त गटाचा प्रश्न विचारता येतो. म्हणजे चौघांनाही येत नसेल तरच सूत्रधाराने हात वर करायचा. शिक्षक आले की त्यांनी सूत्रधाराला नव्हे, दुसऱ्याच एखाद्याला विचारावं, “काय अडलंय?” त्याला सांगता आलं नाही तर “आधी आपसांत बोला” म्हणून पुढे जावं. पहिल्या दोन खेपांना हे निष्ठुर वाटतं. पण एकदा नियम कळला की “बाई, बाई” करत येणारे हात पुष्कळ कमी होतात आणि पाहायला वेळ मिळतो.

पाहायचं काय, तर एका खेपेला तीनच गट, प्रत्येकी तीन-चार मिनिटं. वहीत चार रंगांचे चार रकाने आखून जो कामाविषयी बोलला त्याच्या रकान्यात एक रेघ ओढायची. पाच खेपांत सगळे पंधरा गट होतात. रेघा सारख्या याव्यात असा हट्ट धरू नये, काही मुलं मुळातच कमी बोलतात. पण एखादा रकाना कोरा असेल, किंवा एकाच्या रेघा बाकी तिघांच्या बेरजेहून जास्त असतील, तर तो गट बिघडला आहे. याहून सोपी खूण म्हणजे कागदाचं तोंड. कागद एकाच मुलाकडे वळलेला असेल तर बाकीचं पाहायची गरज नाही.

अशा बिघडलेल्या गटासाठी चिंचोके कामी येतात. प्रत्येकाला तीन चिंचोके. बोलायचं असेल तर एक मधे ठेवायचा, संपले की सगळ्यांचे संपेपर्यंत ऐकायचं. हा उपाय पाच-सात मिनिटांपुरताच वापरावा. तासभर ताणला तर बोलण्याची लय मोडते, आणि काही बेरकी मुलं “हो”, “बरोबर” म्हणत चिंचोके संपवून मोकळी होतात.

पालकांची तक्रार ठरलेली असते: आमच्या मुलाने दुसऱ्यांना शिकवण्यात वेळ का घालवायचा? तिला उत्तर आहे. वेब यांच्या कामातून वारंवार पुढे आलं की गटात जो कारणासहित समजावून सांगतो त्याचं शिकणं सगळ्यात पक्कं होतं, आणि ज्याला नुसतं उत्तर मिळतं त्याला जवळपास काहीच मिळत नाही. पण तक्रारीतला एक भाग खरा आहे, तो म्हणजे गुणांचा. चौघांना मिळून एकच गुण दिले की हुशार मुलगा ते वाचवण्यासाठी सगळं काम आपल्याकडे ओढणारच. म्हणून गटाच्या कागदाला गुण देऊ नयेत, त्यावर फक्त शेरा लिहावा. तासाच्या शेवटच्या चार मिनिटांत प्रत्येकाला अर्ध्या पानावर एकट्याने सोडवायचा एक प्रश्न द्यावा: छत 15 मीटर लांब, 4 मीटर रुंद, पाऊस 10 मिलिमीटर, पन्हळ एका बाजूला, तर टाकीत किती पाणी? ज्या गटात तिघांनी 600 लिटर लिहिलं आणि एकट्यानेच 300, त्या गटात पन्हळीचं बोलणं एकाच्याच कानावर पडलं होतं. पुढच्या खेपेला पाहायच्या तीन गटांत तो गट पहिला.